'एनर्जी फुल' बंद, सुरक्षेचा इशारा चालू

गेमच्या 'एनर्जी भरली', 'इव्हेंट संपतोय' अशा सूचनांनी फोन सतत वाजतो. अँड्रॉइडवर अशी एखादी सूचना दाबून धरा, सेटिंग्जचं चिन्ह उघडा आणि फक्त तोच प्रकार बंद करा. सगळ्या सूचना एकाच प्रकारात असतील, तर गेमच्या आतल्या सेटिंग्जमध्ये पाहा.

गेमच्या खात्यात नवं लॉगिन झाल्याचा इशारा मात्र बहुधा ईमेलने येतो. क्लॅश ऑफ क्लॅन्ससारख्या गेमचं खातं असलेल्या सुपरसेल आयडीचा लॉगिन कोडही मेलवर येतो. म्हणून जीमेल म्यूट करू नका. उलट संगणकावर जीमेल उघडून हे मेल ज्या पत्त्यावरून येतात त्यासाठी फिल्टर बनवा: 'स्पॅममध्ये टाकू नका' आणि वर्गवारी 'प्रायमरी'. प्रमोशन्समध्ये पडलेल्या मेलची फोनवर सहसा सूचनाच येत नाही.

पत्ता मात्र जुन्या, खऱ्या मेलवरूनच घ्या. नकली इशारेही येतात.