डीबी आणि डीबीएमची बेरीज-वजाबाकी: दोन अगाश्यांमधल्या रेडिओ जोडणीचा हिशेब

बडोद्यात आम्ही गच्चीला अगाशी म्हणतो, आणि माझी निम्मी कामं अगाशीवरच होतात. एका इमारतीतलं इंटरनेट दुसऱ्या इमारतीवर रेडिओने नेणं हा माझा रोजचा धंदा. दांडिया बाजारातल्या एका अगाशीवरून मांजलपूरच्या वाटेवर, सरळ रेषेत २ किलोमीटरवर असलेल्या गोदामापर्यंत अशीच एक जोडणी मी केली होती. तिचाच हिशेब इथे मांडतो, कारण डीबी आणि डीबीएममध्ये नवशिका जिथे जिथे अडखळतो त्या सगळ्या जागा तिच्यात आहेत.

"सगळं मिलिवॅटमध्ये करून घ्या आणि गुणाकार-भागाकार करा" असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. वाटेत सिग्नल कोट्यवधी पट कमी होतो, आणि शून्यं मोजतानाच माणूस चुकतो. डीबी वापरायचं ते एवढ्यासाठीच, की पटींचा गुणाकार साध्या बेरजेवर येतो.

डीबी म्हणजे किती पट. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, आणि वजा असेल तर तितकाच भाग उरतो. बाकीचे आकडे यांच्यातूनच निघतात. १६ डीबी म्हणजे १० अधिक ३ अधिक ३, म्हणजे दहाची दुप्पट, तिची पुन्हा दुप्पट: ४० पट. ७ डीबी म्हणजे १० वजा ३, म्हणजे ५ पट. अगाशीवर उभं राहून हिशेब करायला याहून जास्त लॉगरिदम लागत नाही.

डीबीएम म्हणजे किती. १ मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम. तिथून मोजलं की २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, ३० डीबीएम म्हणजे १ वॅट. खाली गेलं की उणे आकडे येतात, आणि उणे ६० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा दहा लाखावा भाग, एक नॅनोवॅट. उणे शक्ती नावाची गोष्ट नसते. आकडा उणे आहे याचा अर्थ शक्ती एका मिलिवॅटहून कमी आहे, एवढाच.

आता हिशेब. रेडिओपासून सुरुवात करा, सिग्नल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने चला, आणि प्रत्येक टप्प्यानंतरची शिल्लक लिहा. नुसती शेवटची बेरीज लिहून भागत नाही. पुढे आकडा जुळला नाही की हीच शिल्लक कामाला येते.

सगळ्यात मोठा खर्च हवेतला. मधे अडथळा नसेल तर तो या सूत्राने निघतो. `d` किलोमीटरमध्ये, `f` मेगाहर्ट्झमध्ये:

```
FSPL = 32.44 + 20*log10(d) + 20*log10(f)
     = 32.44 + 6.02 + 75.27 = 113.7 dB
       (d = 2, f = 5800)
```

अंतर दुप्पट केलं तर इथे ३ नाही, ६ डीबी वाढतात, कारण शक्ती अंतराच्या वर्गाने घटते. आणि हे सूत्र फक्त मोकळ्या वाटेसाठी आहे. दोन अँटेना एकमेकांना दिसतात एवढं पुरत नाही. या अंतराला मध्यावर सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी निदान ३ मीटर मोकळं हवं, नाहीतर पाण्याच्या टाकीचा कोपराही आपला वाटा घेतो.

माझ्या जोडणीचा हिशेब असा:

```
रेडिओ                20.0 dBm
केबल व कनेक्टर       -1.5 dB    ->   18.5 dBm
अँटेना              +16.0 dB    ->   34.5 dBm
हवा                -113.7 dB    ->  -79.2 dBm
पलीकडची अँटेना      +16.0 dB    ->  -63.2 dBm
केबल व कनेक्टर       -1.5 dB    ->  -64.7 dBm
```

अँटेनाच्या पत्रकात dBi लिहिलेलं असतं. ती सगळीकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी केलेली तुलना आहे, आणि हिशेबात ती साध्या डीबीसारखीच धरायची. केबलच्या पत्रकात मात्र "घट १.५ डीबी" असं असतं. घट हा शब्दच उण्याचं काम करतो. कुणी ती उणे १.५ अशी लिहून घेतो आणि पुन्हा वजा करतो, मग कागदावर केबल सिग्नल वाढवायला लागते. केबलने कधी सिग्नल वाढत नाही, त्यामुळे शिल्लक लिहिण्याची सवय असली की ही चूक त्याच ओळीवर दिसते.

पलीकडे उणे ६४.७ डीबीएम पोचायला हवं होतं, म्हणजे एका नॅनोवॅटचा जेमतेम तिसरा हिस्सा. मला हवा असलेला वेग द्यायला त्या रेडिओला पत्रकाप्रमाणे निदान उणे ७५ लागत होतं. म्हणजे १०.३ डीबी हाताशी राहत होते. प्रत्यक्षात पडद्यावर दिसलं उणे ७३. जोडणी चालत होती, पण वारा सुटला की तुटत होती, कारण हाताशी फक्त २ डीबी होते.

इथे मी जी चूक केली ती नीट समजून घ्या, कारण ही चूक मी शिकलेल्या माणसांनाही करताना पाहिलं आहे.

उणे ६४.७ आणि उणे ७३ यांच्यातला फरक ८.३. मी कामाच्या वहीत लिहिलं, "८ डीबीएम कमी". दुसऱ्या दिवशी मी दुसरीकडे होतो आणि माझा जोडीदार वही घेऊन गेला. त्याने वाचलं "८ डीबीएम", आणि त्याचा अर्थ जो होतो तोच घेतला: रेडिओ ८ डीबीएमवर, म्हणजे साधारण ६ मिलिवॅटवर चालतोय. मे महिन्यातल्या दुपारी तो दोन्ही अगाश्या चढला, रेडिओच्या सेटिंग पाहिल्या, एक रेडिओ बदलला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, पॉवर तर वीसच आहे. नवीन रेडिओ लावला तरी त्र्याहत्तरच दाखवतंय." त्याची काही चूक नव्हती. वहीत मी फरक लिहिला होता, पण एकक मात्रेचं लावलं होतं.

दोन डीबीएमची वजाबाकी केली की उत्तर डीबी येतं. कधीही डीबीएम येत नाही. तारखांसारखं आहे हे. १५ तारखेतून १० तारीख वजा केली तर ५ दिवस येतात, ५ तारीख येत नाही. १० तारखेत ५ दिवस मिळवले तर तारीख येते. तसंच डीबीएममध्ये डीबी मिळवा किंवा वजा करा, उत्तर डीबीएम. आणि १० तारीख अधिक १५ तारीख याला जसा अर्थ नाही, तसा डीबीएम अधिक डीबीएम यालाही नाही. हिशेबाच्या कुठल्याही ओळीत दोन डीबीएम एकमेकांत मिळवलेले दिसले तर तिथेच थांबा, पुढचं सगळं चुकलेलं आहे.

मग दोन सिग्नल खरोखरच एकत्र आले तर? येतात. त्या गोदामाच्या अगाशीवर आमच्या चॅनलवर उणे ९२ डीबीएम इतका गोंगाट आधीपासून होता, आणि शेजारच्या इमारतीवर कुणीतरी नवा रेडिओ लावल्यावर त्याचेही उणे ९२ त्यात पडायला लागले. आकडे सरळ मिळवले तर उणे १८४ येतं, म्हणजे गोंगाट वाढल्यावर जवळजवळ नाहीसाच झाला! खरं उत्तर उणे ८९. सारख्याच दोन शक्ती मिळाल्या, दुप्पट झाली, म्हणून ३ डीबी वर. दोन्ही सारखे नसतील तर मोठ्याला धरून बसा. दुसरा ६ डीबीने लहान असेल तर मोठ्यात १ डीबीची भर पडते. १० डीबीने लहान असेल तर अर्ध्या डीबीचीही नाही, सोडून द्या. मिलिवॅटमध्ये जाऊन बेरीज करण्याची गरज पडते ती फक्त इथेच, आणि इथेही हे तीन आकडे लक्षात ठेवले की कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता ते हरवलेले ८.३ डीबी. वहीत "डीबी" लिहिलं असतं तर प्रश्न बरोबर पडला असता: वाटेतलं काय सिग्नल जवळजवळ सातपट खातंय? आणखी एक खूण माझ्यासमोरच होती. दोन्ही टोकांचे रेडिओ उणे ७३ च दाखवत होते. एका रेडिओची शक्ती कमी असती तर फक्त समोरच्या टोकाला आकडा पडला असता. केबल, कनेक्टर, अँटेनाची दिशा आणि हवा या चौघांची घट मात्र जाताना आणि येताना सारखीच लागते. म्हणून दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर रेडिओला हात लावू नका. तो बदलण्यात आमचा एक दिवस गेला.

पण नेमकं कुठल्या टोकाला, हे या खुणेवरून कळत नाही. त्यासाठी मी हिशेबाची एकेक ओळ घेऊन ती वस्तू डोळ्यांनी पाहत गेलो. हवेच्या ओळीत काही बदललं नव्हतं, वाट मोकळी होती. दोन्ही अँटेना थोड्या डावी-उजवीकडे फिरवून पाहिल्या, आकडा त्याहून सुधारला नाही. गोदामाच्या टोकाला केबलची ओळ तपासली तेव्हा उलगडा झाला. मी हिशेब धरला होता ३ मीटर जाड केबलचा, मीटरला ०.३५ डीबीप्रमाणे, वर दोन कनेक्टरांचे ०.४. प्रत्यक्षात रेडिओ सावलीत बसवता यावा म्हणून १० मीटर बारीक केबल ओढली होती. ती या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे ०.९ डीबी खाते: ९ डीबी, अधिक कनेक्टर ०.४, एकूण ९.४. हिशेबातल्या १.५ पेक्षा ७.९ जास्त. शेवटची ओळ पुन्हा मांडली तर उणे ७२.६. पडद्यावरच्या ७३ चा उलगडा झाला.

केबलची घट डीबीत लांबीप्रमाणे सरळ वाढते, म्हणून बारीक केबल लांब ओढण्यापेक्षा रेडिओ अँटेनाला चिकटून लावा आणि खाली नेटवर्कची केबल आणा. सावलीसाठी वर पत्र्याचा तुकडा लावला तरी चालतो. आम्ही तेच केलं, रेडिओ वर नेला आणि मूळची ३ मीटर जाड केबल लावली.

त्यानंतर पडद्यावर उणे ६५ आलं. हिशेबापेक्षा ०.३ कमी आहे म्हणून ते शोधत बसू नका. रेडिओ पूर्ण आकडाच दाखवतो, त्याचं मोजमापही दोन-एक डीबी इकडेतिकडे असतं, आणि पत्रकातला अँटेनाचा १६ तर सहसा तिच्या सगळ्यात चांगल्या फ्रीक्वेन्सीचा असतो. फरक ३ डीबीच्या आत असेल तर मी शिडी गुंडाळतो. त्याच्या वर गेला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.