हॉलची वेळ संपते कधी?

हॉल बुक करताना ‘दुपारी ४ ते रात्री १०’ असं लिहिलेलं असतं आणि आपण कार्यक्रम दहापर्यंत ठेवतो. चूक इथेच होते. बहुतेक करारांत दहा म्हणजे हॉल रिकामा करून ताब्यात देण्याची वेळ. पाहुणे दहाला निघाले, सजावटवाल्याने फुलं, कापडं उतरवून शेवटची शिडी बाहेर नेईपर्यंत ११.१० वाजले, तर जादा वेळ ७० मिनिटं. आकारणी पूर्ण तासाने असेल तर बिल दोन तासांचं, आणि ते बहुधा डिपॉझिटमधूनच कापलं जातं. म्हणून आकारणी अर्ध्या तासाने आहे की तासाने, हे आधी विचारा.

बाहेरचा सजावटवाला किंवा केटरर चालतो का, एवढंच विचारून थांबू नका. ‘चालतो’ म्हणतात आणि त्याचं वेगळं शुल्क नंतर सांगतात. त्याला आत कधी सोडणार, सामान उतरवायला किती वेळ देणार आणि त्याने भिंतीला खिळा ठोकला तर भरपाई कोणाची, हे करारात लिहून घ्या. भरपाई सहसा बुकिंग करणाऱ्याचीच असते. चावी घेताना भिंती, फरशी, खुर्च्यांचे फोटो व्यवस्थापकासमोरच काढा. परत देतानाही तसंच.

क्षमतेचा आकडा खुर्च्यांच्या रांगांचा की जेवणाच्या टेबलांचा, तेही विचारा. टेबलं मांडली की माणसं बरीच कमी मावतात.