पाच हजार जूल जुळले, तिथेच फसलो

किनारी अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात माझं उत्तर अगदी बरोबर आलं होतं, म्हणूनच मी तीन आठवडे चुकत राहिलो. खोल पाण्यातल्या लाटांवर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहितोय. लाट पुढे जाते आणि पाणी जागच्या जागी वर्तुळात फिरतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

तरीही एकदा लाटांच्या टाकीपाशी जाऊन ते डोळ्यांनी बघाच. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी पाण्याइतक्याच घनतेचे मणी सोडून दाखवले होते. आवर्तकाळ १ सेकंद, म्हणजे लाटेची लांबी १.५६ मीटर, पाणी ८० सेंटिमीटर, लाटेची उंची ६ सेंटिमीटर. वरचा मणी ६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढत होता, शिखराखाली पुढे आणि दरीखाली मागे. सतरा सेंटिमीटरवरचा मणी त्याच्या निम्मं. तळाजवळचा जेमतेम पाच मिलिमीटर हलत होता. सगळे मणी एकाच वेळात एक फेरा पूर्ण करतात. लहान होतं ते वर्तुळ. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते सरांच्या चार तासांत कळलं नव्हतं. (सरांचा राग नाही. पण फळ्यावर वर्तुळं स्थिर असतात.)

आता माझा घोळ. लाट २ मीटर उंच, आवर्तकाळ ८ सेकंद. लांबी 1.56 × T² ने १०० मीटर. पृष्ठभागावर कणाचा वेग सेकंदाला ०.७८५ मीटर. एका घनमीटर पाण्याची गतिज ऊर्जा साधारण ३१६ जूल. d खोलीवर हालचाल e^(−kd) पटीने कमी होते, k = 2π/L = 0.0628. मीही ३१६ ला तोच गुणक लावला आणि खालपर्यंत बेरीज केली: 316/0.0628, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५०३० जूल. ताडून पाहायला पुस्तकातलं ρgH²/8 काढलं, तेही तेवढंच! मी खूश.

चूक इथे आहे, सावकाश वाचा. e^(−kd) ने वर्तुळाचा व्यास आणि वेग कमी होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून तिचा गुणक e^(−2kd). बेरजेत भाजक दुप्पट होतो आणि उत्तर निम्मं येतं: २५१५ जूल. आणि ρgH²/8 ही एकूण ऊर्जा आहे. तिच्यातली निम्मीच गतिज. उरलेली निम्मी स्थितिज, पाणी वरखाली उचललं गेल्याची. म्हणजे मी फक्त गतिज ऊर्जा मोजून तिची तुलना गतिज अधिक स्थितिजशी करत होतो. विसरलेला एक २ दुसऱ्या विसरलेल्या २ ला झाकत होता. तुमची गतिज ऊर्जा एकूण ऊर्जेइतकी आली तर आनंद मानू नका, घातांक तपासा.

घाबरू नका, दुरुस्ती एका अक्षराची आहे. पण परिणाम मोठा. याच लाटेत ११ मीटरवर वेग निम्मा, ऊर्जा मात्र पाव. पंचवीस मीटरवर वेग २१ टक्के उरतो, पण एकूण गतिज ऊर्जेतली जवळपास ९६ टक्के त्याच्या वरच संपलेली असते.

सीनियर मंडळी एक एक्सेल फाइल देतात आणि ‘अर्ध्या लांबीखाली पाणी शांत’ असं सांगतात. फाइल घेऊ नका; घेतलीत तर आतले घातांक स्वतः लिहून काढा. अर्ध्या लांबीवर हालचाल शून्य नसते, ४.३ टक्के असते. आपल्या लाटेत ५० मीटरवर साडेआठ सेंटिमीटरचं वर्तुळ. शिवाय अर्धी लांबी म्हणजे कुठल्या लाटेची? दक्षिण महासागरातून अरबी समुद्रात येणारा लांब उसळा १४ सेकंदांचा असेल, तर लांबी ३०६ मीटर. उंची तीच २ मीटर धरली तरी ५० मीटरवर व्यास ७२ सेंटिमीटर, वेग सेकंदाला १६ सेंटिमीटर. आठ सेकंदांच्या लाटेत तिथे साडेतीनसुद्धा नाही. मात्र हे गणित १५३ मीटरहून खोल समुद्रातच चालतं. तळ त्याच्या वर आला की वर्तुळं चपटी होतात आणि सूत्र बदलतं. कोकण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात या उसळ्याला हेच सूत्र लावणारे पाहिलेत, मीही त्यातलाच.

शेवटची कटकट: मणी अगदी त्याच जागी परत येत नाही. वरच्या टप्प्यात वेग जरा जास्त, खालच्यात कमी, म्हणून दर फेऱ्याला तो थोडा पुढे सरकतो. स्टोक्सने १८४७ मध्ये दाखवलेलं हे वहन आपल्या लाटेत पृष्ठभागावर सेकंदाला ५ सेंटिमीटर आहे, आणि तेही e^(−2kd) नेच घटतं. टाकी मात्र दोन्ही टोकांना बंद असते. पुढे गेलेलं पाणी खालून परत येतं. मामांचा मधल्या खोलीवरचा मणी उलटा सरकताना दिसला तेव्हा मी पुन्हा चिन्हाची चूक शोधायला बसलो होतो. त्या वेळी ती नव्हती.