विम्याच्या माहितीपत्रकाच्या फोटोंवरून एका पानाचा सारांश कसा काढावा

एजंट व्हॉट्सॲपवर आरोग्य विम्याच्या माहितीपत्रकाचे फोटो पाठवतो आणि आपली नजर ठळक आकड्यांवर जाते. सारांश काढताना मात्र तळटिपांपासून सुरुवात करा. पैसे कापण्याच्या अटी बहुतेक तिथेच असतात.

आधी फोटो तपासा. तळाची बारीक ओळ कापली गेली आहे का? 24 आणि 36 वेगळे ओळखू येतात का? एखाद्या तारांकित चिन्हाची टीप सापडत नसेल, तर ते पान पुन्हा मागवा. तोवर त्या जागी अंदाज न लिहिता ‘वाचता येत नाही’ असंच लिहा.

आता कागदावर चार भाग पाडा. पहिला भाग काय मिळतं. इथे प्रत्येक लाभासमोर त्याची मर्यादा लिहायची. समजा, विमा 5 लाखांचा आहे आणि टिपेत ‘खोलीभाडं रोज 1 टक्का’ असं म्हटलंय. म्हणजे रोज 5,000 रुपये. तुम्ही 8,000 ची खोली चार दिवस घेतलीत, तर भाड्याचे 12,000 खिशातून जातातच. शिवाय प्रमाणात कपातीची, म्हणजे खोलीभाडं जितक्या प्रमाणात कापलं तितकंच बाकी बिलही कापण्याची अट असेल, तर सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं 80,000 चं बिलही पाच-अष्टमांशच, म्हणजे 50,000 मंजूर होतं. एकूण फटका 42,000 चा. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नसते. माझ्या मते सगळ्या सारांशात सर्वांत महत्त्वाची ओळ ही खोलीभाड्याचीच.

दुसरा भाग काय कधीच मिळत नाही आणि तिसरा काय उशिरा मिळतं. यांची सरमिसळ फार होते. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया दुसऱ्या भागात जाते, पण ‘मोतीबिंदू – 24 महिने’ हा प्रतीक्षा काळ आहे, तो तिसऱ्यात जातो. तिथे महिन्यांऐवजी तारीख लिहा: पॉलिसी 1 जुलै 2025 ला सुरू झाली असेल, तर मोतीबिंदूला संरक्षण 1 जुलै 2027 पासून. सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून इतर आजारांचा दावा चालत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठीचा काळ 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एखादा आजार आधीपासूनचाही असेल आणि मोतीबिंदूसारख्या ठरावीक आजारांच्या यादीतही असेल, तर लांबची तारीख धरा.

चौथ्या भागात दाव्याच्या पायऱ्या: कुणाला फोन करायचा, ठरवून दाखल होताना किती तास आधी आणि तातडीच्या वेळी किती तासांत कळवायचं, कॅशलेस नाही झालं तर मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड किती दिवसांत द्यायचं.

माहितीपत्रक ही जाहिरात असते, बंधनकारक असते ती पॉलिसी. म्हणून पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतच्या ग्राहक माहिती पत्रकाशी तुमचा कागद ओळीओळीने ताडून पाहा. फरक निघाला, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.