व्हॉल्यूमचे दांडे वाचायला मी कसा शिकलो

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव बघितला असेल तर ही गोष्ट पटकन कळेल. सुरमईची एकच टोपली चढ्या भावात गेली म्हणून कोणी आज भाव चढला असं म्हणत नाही, तोच भाव पन्नास टोपल्यांना मिळाला की मात्र सगळे मान्य करतात. शेअरच्या चार्टखाली जे व्हॉल्यूमचे उभे दांडे दिसतात ना, ते म्हणजे त्या दिवशी किती शेअर या हातातून त्या हातात गेले त्याचा आकडा, बाकी काही नाही.

सुरुवातीला माझी मोठी चूक रंगाची. हिरवा दांडा म्हणजे खरेदी आणि लाल म्हणजे विक्री असं मी धरून चाललो होतो. पण प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, त्यामुळे दोन्ही बाजूंचे शेअर कायम सारखेच. बहुतेक अॅपमध्ये त्या दिवशी भाव उघडला त्याच्या वर बंद झाला की दांडा हिरवा, खाली बंद झाला की लाल, एवढंच असतं. रंग भावावरून ठरतो.

दुसरं, दांडा मोठा की छोटा हे कशाच्या मानाने? त्यासाठी व्हॉल्यूमच्या सेटिंगमध्ये जाऊन MA चालू करा आणि 20 ठेवा, म्हणजे मागच्या 20 दिवसांच्या सरासरीची रेघ दिसते. आणि एक लक्षात ठेवा, बाजार 3:30 ला बंद होतो, सकाळी दहा वाजता आजचा दांडा छोटा दिसणारच, दिवस अजून संपलेला नाही.

आता माझाच एक किस्सा सांगतो. एक शेअर कित्येक आठवडे 180 ते 200 मध्ये फिरत होता, सरासरी व्हॉल्यूम दिवसाला साधारण 4 लाख. एके दिवशी 203 ला बंद झाला, मी लगेच घेतला. त्या दिवशीचा व्हॉल्यूम होता 2 लाख 80 हजार, म्हणजे सरासरीपेक्षाही कमी, पण मी खाली बघितलंच नव्हतं. चारच दिवसांत भाव परत 191 ला आला आणि मी तोट्यात बाहेर पडलो. 200 च्या वर गेला खरा, पण वरच्या भावाला घ्यायला फारसं कोणी आलंच नव्हतं.

महिन्याभराने तोच शेअर पुन्हा वर निघाला. 199 ला उघडला, 207.50 पर्यंत गेला आणि 206.50 ला बंद झाला, व्हॉल्यूम 13 लाख, सरासरीच्या तिप्पटीहून जास्त. 200 ला विकायला बसलेले लोक होतेच, त्यांचा सगळा माल कोणीतरी उचलला आणि तरीही भाव दिवसाच्या टोकाजवळ बंद झाला, मला महत्त्वाचं वाटलं ते हे. संध्याकाळी एनएसईच्या साइटवर डिलिव्हरीचा टक्का बघितला, एरवी 40 च्या आसपास असायचा तो 55 होता, म्हणजे नुसतं दिवसाच्या दिवसात घे-वीक झालेली नव्हती, बरेच लोक शेअर घरी घेऊन गेले होते.

तरी मी त्या दिवशी घेतला नाही. पुढचे तीन दिवस भाव हळूहळू 201 पर्यंत उतरला आणि व्हॉल्यूम झाला 5, मग साडेतीन, मग 3 लाख. उतरताना दांडे लहान होत गेले, म्हणजे विकायची घाई कोणाला नव्हती, आणि 200 तुटला नाही. तेव्हा 202 ला घेतला, स्टॉपलॉस 196.

एक मात्र तपासायचं, नुसता भला मोठा दांडा आणि भाव जागचा हललेलाच नाही असं असेल तर एक्स्चेंजच्या साइटवर त्या दिवशीचे बल्क आणि ब्लॉक डील बघा, कधी कधी दोन मोठ्या पार्ट्यांमधला एखादा व्यवहारच तो दांडा उभा करतो आणि त्यावरून सगळा बाजार त्या शेअरच्या मागे लागलाय असं धरता येत नाही.

दोनेक महिन्यांत भाव 250 च्या वर गेला, व्हॉल्यूमची सरासरी तोवर 6 लाख झाली होती. मग एक दिवस 22 लाखांचा दांडा उभा राहिला, आणि तो हिरवा होता. भाव 254 ला उघडला, 262 ला जाऊन आला, खाली 252 बघितला आणि बंद झाला 255 ला. एवढे शेअर फिरले आणि दिवसभरात कमाई एक रुपया, म्हणजे 262 च्या आसपास कोणीतरी भरभरून विकत होतं. नुसत्या त्या दांड्यावरून मी विकला नाही, कारण एवढा माल पचवून भाव पुन्हा वर जाऊही शकतो, पण त्या दिवसाचा तळ 252 वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तुटला आणि मी 249 ला सगळे शेअर काढले.