कुत्रा चावला, माकडानं ओरबाडलं? या चुका टाळा

ड्रेसिंग रूममध्ये कुत्रा चावलेला माणूस आला की मी आधी जखम बघत नाही, तिच्यावर काय थापलंय ते बघते. हळद, चुना, तिखट, तंबाखू. घरात नळ असतो, साबण असतो, पण हात आधी डब्याकडे जातो.

नागपुरातल्या मनीषनगरकडचे एक काका रविवारी संध्याकाळी आले, तेही काकूंनी ओढत आणलं म्हणून. चावा सकाळचा. पोटरीवर दोन दात रुतलेले, रक्त येऊन सुकलेलं, वर हळद-चुना. म्हणाले, "कुत्रं ओळखीचं आहे मॅडम, ठणठणीत आहे. दहा दिवस पाहतो नं, मेलं तं घेतो सुई."

या दहा दिवसांनी मला वात आणलाय. कुत्र्या-मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची हे खरं, पण रेबीजच्या लसीची पहिली सुई घेऊन. माकडाला तर हा हिशेबच लागू नाही. रामटेकच्या गडावर प्रसादाची पिशवी ओढताना ज्यानं ओरबाडलं, ते माकड तुम्ही शोधणार कुठे?

काकांना नळाखाली बसवलं. वाहतं पाणी, अंगाचा साधा साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटांतच "झालं नं?" सुरू झालं. नाही झालं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं, आणि खोल दातापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. चावून तास उलटले असले तरी धुवायचंच. मग पोव्हिडोन आयोडीन, आणि जखम उघडी. टाके शक्यतो नाहीत.

रक्त आलं होतं म्हणून लसीसोबत सीरमही, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, थेट जखमेत आणि भोवती. इथे काका उठूनच चालले होते. लस घेतल्यावर शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतल्या विषाणूला सीरमच अडवतं. पहिल्या सुईनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर धुणं आणि लस पुरते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही.

"ताप-बीप आला तर येतो" म्हणणारे वेगळेच. विषाणू नसेतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने काहीच दिसत नाही, जखमही भरून येते. जखमेच्या जागी मुंग्या, पाणी बघून घसा आवळणं सुरू झालं की मग लसीचा उपयोग नाही. माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

पोटातली चौदा इंजेक्शनं कधीचीच बंद झाली. सुई दंडात घ्या, लहान मुलांना मांडीत. कमरेवर नको. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत लस मिळते, पैशाचं कारण सांगू नका.

काकांच्या कार्डावर कातडीतल्या लसीच्या तारखा लिहिल्या: आज रविवार, मग बुधवार, पुढचा रविवार आणि अठ्ठाविसावा दिवस, तोही रविवारच. कार्ड मी काकूंच्या हातात दिलं.