घराचं नवीन कर्ज घेताय आणि क्रेडिट स्कोअर चांगलाय? मग सही करायच्या आधी ही तयारी करा

मागच्या वेळी मी फक्त चांगल्या स्कोअरच्या भरवशावर रेट कमी करून घ्यायला गेलो होतो आणि तसाच परत आलो. या वेळी घरातलाच एकजण घराचं कर्ज घेतोय म्हणून त्याच्यासाठी ही तयारी लिहून काढतोय, तुमच्याही कामी येईल. पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, ओळखपत्र वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो.

सगळ्यात आधी, दुसऱ्या बँकेचं लेखी ऑफर. लेखी. मी हेच न घेता गेलो होतो. समोरच्या ऑफिसरने माझा क्रेडिट रिपोर्ट बघितला, छान आहे म्हणाला, आणि लगेच पुढे, "म्हणूनच तर तुम्हाला हा रेट लावलाय." मी म्हटलं दुसरीकडे कमी मिळतोय. त्याने विचारलं, "लेटर आहे का?" माझ्याकडे नव्हतं, फोनवर बोलणं झालं होतं फक्त. तिथेच विषय संपला आणि मी 9 टक्क्यांवर सही करून आलो. पुढे दोनच महिन्यांनी ऑफिसातल्या एकाला, स्कोअर माझ्यापेक्षा कमी असताना, त्याच ठिकाणी साडेआठने मिळालं, कारण त्याच्या हातात कागद होता. चांगल्या रेकॉर्डमुळे दुसरी बँक तुम्हाला घ्यायला तयार होते, एवढंच त्याचं काम, पण ती तयार आहे हे पहिल्या बँकेला दिसलं तरच रेट हलतो, आणि ते कागदाशिवाय दिसत नाही.

अर्ध्या टक्क्याने काय होतं ते एकदा मांडून बघा. 30 लाख, 20 वर्षं. 9 टक्क्यांनी महिन्याचा हप्ता येतो साधारण 26,992, साडेआठने 26,035. म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या वर आणि 20 वर्षांत जवळपास 2 लाख 30 हजार. एका कागदासाठी.

आता लेखी म्हणजे काय, कारण इथेही लोक फसतात. मोबाईलवर आलेला "तुम्ही पात्र आहात" मेसेज म्हणजे ऑफर नाही, त्याला कोणी विचारत नाही. तुमचं नाव, कर्जाची रक्कम, मुदत, रेट, तो फिक्स्ड का फ्लोटिंग, प्रोसेसिंग फी आणि ऑफर कधीपर्यंत चालेल ती तारीख, एवढं त्यात पाहिजे. सँक्शन लेटर मिळालं तर उत्तमच. आणि रक्कम, मुदत तीच ठेवा, नाहीतर समोरचा म्हणणार की ते 15 वर्षांचं आहे, हे 20 चं, तुलनाच होत नाही, आणि तो बरोबरच असतो. तारीखही बघा, मुदत संपलेलं लेटर पुढे केलंत तर उलट आपलीच बाजू पडते.

लेटरसाठी दहा ठिकाणी अर्ज मात्र टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते आणि स्कोअर थोडा खाली येतो. काही स्कोअरिंग पद्धतींत घराच्या कर्जाच्या थोड्या दिवसांतल्या चौकश्या एकच धरतात, पण सगळीकडे तसं नाही, त्यामुळे दोन, फार तर तीन ठिकाणं निवडा आणि दोन आठवड्यांत उरका. आधी विचारा की नुसता अंदाज देताना तुम्ही माझ्या रिपोर्टवर चौकशी टाकता का. हो म्हणाले तर अंदाजासाठी तिथे जाऊ नका.

याच्याही आधी, म्हणजे दीड-दोन महिने आधी, स्वतःचा रिपोर्ट काढा. स्कोअरचा आकडा बघून बंद करू नका, एकेक खातं वाचा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतं, कधीतरी कुणाला जामीन राहिलेलो असतो ते आपल्या नावावर दिसतं. यातलं चुकीचं असेल ते दुरुस्त व्हायला महिना सहज जातो म्हणून आधी. अजून एक गोष्ट, दर महिन्याला कार्डाचं पूर्ण बिल भरणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहिती नसते: रिपोर्टमध्ये जातो तो आकडा बिल भरायच्या आधीचाही असू शकतो. लिमिट 1 लाख आणि बिल निघताना वापर 80 हजार, की रेकॉर्डवर 80 टक्के वापर दिसू शकतो, तुम्ही दहा दिवसांनी सगळं भरलंत तरी. तेव्हा अर्जाच्या आधीचे एक-दोन महिने बिल निघायच्या आधीच बरंचसं भरून टाका. जुनं कार्ड बंद करू नका, नवीन घेऊ नका.

मग बोलायला जा. लेटर घेतलंत ना? प्रिंट काढून न्या, फोनवर दाखवू नका, कारण फाईल वर जाते तेव्हा तुमचा फोन तिच्याबरोबर जात नाही. काउंटरवरच्या माणसाच्या हातात रेट फारसा नसतो, तो "बघतो" म्हणेल, तर सरळ विचारा की सूट कोण मंजूर करतं, आणि लेटरची कॉपी लावून रिक्वेस्ट वर पाठवायला सांगा. फ्लोटिंग कर्ज असेल तर रेटचे दोन भाग असतात, एक बाहेरच्या बेंचमार्कचा, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराचा, तो बँकेत कुणीच कमी करू शकत नाही, आणि एक बँकेने वर लावलेला स्प्रेड. मागायचं ते स्प्रेडमध्ये. आणि सूट पहिल्या वर्षापुरती आहे का पूर्ण मुदतीला, हे विचारून लिहून घ्या.

इथे अजून एक धोका. रेट पाव टक्का कमी करतात आणि विमा कर्जात घालतात. वरचंच उदाहरण धरा, पावणेनऊ टक्के झाले पण 60 हजारांचा विमा मुद्दलात मिळवला, म्हणजे कर्ज 30 लाख 60 हजार. हप्ता येतो 27,042 च्या आसपास. म्हणजे 9 टक्क्यांच्या बिनविम्याच्या हप्त्यापेक्षा 50 ने जास्त, आणि आपण खूश की रेट पडला! विमा हवा असेल तर वेगळा घ्या, भाव बघून. त्यामुळे दोन ऑफर समोर ठेवताना फी आणि विमा धरून हाताशी किती येतात आणि हप्ता किती जातो, एवढं बघा.

पहिल्या उत्तराला "ठीक आहे" म्हणू नका. लेटर पुन्हा दाखवा. तरी नाही म्हणाले तर उठून लेटर ज्यांनी दिलंय त्यांच्याकडे जा. म्हणूनच लेटर अशा ठिकाणचं पाहिजे जिथे तुम्ही खरंच कर्ज घ्याल, नुसतं दाखवायला आणलेलं नको.

सहीच्या दिवशी: ठरलेला स्प्रेड करारात आहे का, फी तीच आहे का, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, कोऱ्या जागा भरल्यात का. तोंडी ठरलेलं काहीही कागदावर नसेल तर सही नको, दोन दिवस थांबा. पैसे हातात पडेपर्यंत नवीन हप्त्यांवर काही घेऊ नका, देण्याआधी काही बँका रिपोर्ट पुन्हा बघतात. आणि लेटरची एक कॉपी स्वतःजवळ ठेवा, मूळ प्रत त्यांना देऊन मोकळे होऊ नका.